एकच विनोद, तीन टेम्प्लेट: कॉलेजच्या पेजसाठी मीम निवडताना

नवीन पोरं पेज हाती आलं की आधी टेम्प्लेट शोधतात आणि मग त्यात बसेल असा विनोद जुळवतात. क्रम उलटा हवा. विनोद आधी एका साध्या वाक्यात लिहून काढायचा, मग तेच वाक्य दोन-तीन टेम्प्लेटमध्ये टाकून तुलना करायची. विनोद बदलला की तुलना फसते, कारण मग टेम्प्लेट भारी होतं की वाक्य, हे कळत नाही.

इथे तालुक्याच्या कॉलेजात दर सेमिस्टरला लागू पडणारं वाक्य घेऊ: "परीक्षा फॉर्म पंधरा दिवस भरायचा नाही, अन् शेवटच्या रात्री सायबर कॅफेत गर्दी करायची, तेव्हा साईट बंद." तीन टेम्प्लेट पाहू. पहिलं, हात झटकून 'नको' म्हणणारा आणि खाली बोट दाखवून 'हे बरं' म्हणणारा गायक. दुसरं, मैत्रिणीसोबत चालताना मागे वळून दुसऱ्या मुलीकडे पाहणारा पोरगा. तिसरं, दोन लाल बटणांपुढे घाम पुसणारा माणूस.

प्रत्येक टेम्प्लेटचं आधीच ठरलेलं एक व्याकरण असतं. गायकवालं 'हे नाही, ते' एवढंच सांगतं. वळून पाहणारा पोरगा सांगतो की हातातलं सोडून नव्याकडे लक्ष गेलं. बटणवाल्यात दोन्ही गोष्टी हव्याशा असतात, किंवा दोन्ही नकोशा, आणि निवड होत नाही. आपल्या वाक्यात फॉर्मवाल्याला कसलीच घालमेल नाही, तो निवांत आहे. म्हणून बटणवालं इथेच बाद. घाम पुसणारा चेहरा पाहून वाचणारा कोंडी शोधत बसतो, ती सापडत नाही, आणि विनोद "काय म्हणायचंय?" असा होतो. शिवाय ती बटणं तिरकी आणि लहान, त्यांच्यावर एक-दोन शब्दांपलीकडे काही मावत नाही.

गायकवाल्यात वर "आज फॉर्म भरणं" आणि खाली "शेवटच्या रात्री सायबर कॅफे" असं बसतं. 'साईट बंद' मात्र बाहेर राहतं. ते तिसऱ्या ओळीत कोंबू नका, चित्राखालच्या कॅप्शनमध्ये टाका. वळून पाहणाऱ्या पोराला 'विद्यार्थी', लाल कपड्यातल्या मुलीला 'गावची जत्रा' आणि मैत्रिणीला 'परीक्षा फॉर्म' असं नाव देता येतं. पण मग विनोद आळसाचा न राहता जत्रेचा होतो. दुसरं म्हणजे यात वाचण्याचा क्रम पक्का नाही. नजर आधी मध्यल्या चेहऱ्यावर जाते आणि तिथून कोणत्या बाजूला वळेल याचा भरवसा नाही. गायकवाल्यात क्रम वरून खाली, चुकायला जागाच नाही.

आता अक्षरं. इंग्रजी मीमांचा जाड पांढरा फॉन्ट आणि काळी कड देवनागरीला तशीच लावली की घाण होते. 'क्ष', 'द्ध', 'श्री' यांच्या पोटातल्या फटी कडेने बुजतात. काही अॅप प्रत्येक अक्षराला वेगळी कड देतात, मग शिरोरेषा जोडाजोडाला कापलेली दिसते. त्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. अॅप गुपचूप दुसराच फॉन्ट वापरतं आणि एका वाक्यात दोन जाडीची अक्षरं येतात. मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी यांतला एक जाड फॉन्ट घ्या, पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं ठेवा, कड देऊच नका. अक्षरांमधलं अंतर शून्यावरच असू द्या. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

मापाचा हिशेब सोपा आहे. चित्र १०८० बाय १०८० पिक्सेलचं धरा. साध्या मोबाईलवर ते सुमारे पावणेसात सेंटिमीटर रुंद दिसतं. म्हणजे ६० पिक्सेलचा फॉन्ट पडद्यावर जेमतेम पावणेचार मिलिमीटर, आणि त्यात वरची वेलांटी, खालचा उकार धरलेला. अक्षराचं अंग त्याच्या निम्म्याच्या आसपास. यापेक्षा लहान गेलात तर बसच्या खिडकीशी उन्हात कोणी वाचणार नाही. गायकवाल्यात मजकुराला उजवी अर्धी बाजू मिळते, ५४० पिक्सेल. कडेला जागा सोडून एका ओळीत दहा-बारा अक्षरं, म्हणजे साधारण दोन शब्द. ओळींमधलं अंतर फॉन्टच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. तीन ओळींवर थांबा. "शेवटच्या रात्री / सायबर कॅफे" दोन ओळीत मावतं. वळून पाहणाऱ्या पोराचा फोटो आडवा, त्यामुळे नावं चेहऱ्याजवळ बसवायला चाळीसच्या आसपास उतरावं लागतं, आणि तिथेच तो वाचनीयतेत हरतो.

व्हॉट्सअॅपवर चित्र दाबलं जातं हे विसरू नका. आधी स्वतःलाच पाठवा, तिथून उतरवून हात लांब करून पाहा. 'विद्यार्थी'तला 'द्या' ओळखू येत नसेल तर फॉन्ट वाढवा किंवा शब्द बदला. 'पोरं' लिहिलं तरी काम होतं. दुसऱ्या पेजवरून उचललेलं, चारदा फॉरवर्ड झालेलं टेम्प्लेट घेतलं तर चेहऱ्याभोवती दाणे दिसतात. मोठी, स्वच्छ प्रत शोधा.

कोणाला चालेल, हा प्रश्न गावाकडच्या कॉलेजात जास्त टोचतो, कारण पोस्ट दोन तासांत सरांच्या, मग घरच्यांच्या ग्रुपवर जाते. वळून पाहणाऱ्या पोराचा फोटो स्पॅनिश फोटोग्राफर अँटोनियो गिलेम यांनी २०१५ मध्ये काढला. २०१८ मध्ये स्वीडनच्या जाहिरात लोकपालाने तोच फोटो वापरलेली एका इंटरनेट कंपनीची नोकरभरतीची जाहिरात लिंगभेदी ठरवली, स्त्रिया अदलाबदल करण्याजोग्या दाखवल्या म्हणून. आपल्याकडे मुलींना हेच खटकतं, फक्त त्या कमेंटमध्ये लिहीत नाहीत, पेज अनफॉलो करतात. शिवाय हा विकत परवाना घेण्याचा फोटो आहे, प्रवेशाच्या जाहिरातीत तर मुळीच नको.

भाषेचंही तसंच. "आजून पंधरा दिस हायेत ना बे" हे हॉस्टेलच्या पोरांना लगेच भिडतं. पण 'बे' सरांच्या तोंडी किंवा सरांना उद्देशून आला की उद्धटपणा होतो, आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या झाडीबोली बोलणाऱ्या मुलांना वऱ्हाडीचं प्रत्येक रूप घरचं वाटत नाही. 'काहून' मात्र विदर्भात बहुतेक सगळीकडे चालतो. स्कॉलरशिप, फी माफी, हॉस्टेलच्या जेवणावर विनोद करायचा असेल तर रोख व्यवस्थेवर आहे की ते घेणाऱ्या पोरावर, हे तपासा. फॉर्मच्या विनोदात हसू स्वतःच्या आळसावर आहे, म्हणून तो सगळ्यांना पचतो. हाच रोख पोर्टल नीट न येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलावर वळवला तर तो चिडवणं होतो.

शेवटी पाच जणांना दाखवा: पहिल्या वर्षाचा एक, हॉस्टेलचा सिनियर, एक मुलगी, ऑफिसातले बाबू आणि घरचं कोणी. "समजलं का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. "यात कोण काय करून रायला?" असं विचारा. पाचातले चौघं स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगतील ते टेम्प्लेट घ्या. दोघंच सांगत असतील आणि ते दोघं सिनियर असतील, तर ते पेजवर न टाकता हॉस्टेलच्या ग्रुपवर टाका, तिथे ते उत्तम चालेल.