जर्मनीतील नोकरीच्या पत्रावर सही करण्यापूर्वीची तयारी

पुण्यातल्या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या हाती म्युनिचचे ५८,००० युरो वार्षिक पगाराचे पत्र येते, तेव्हा त्या आकड्याला रुपयाच्या दराने गुणण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. तो गुणाकार बाजूला ठेवून पत्र पुढील क्रमाने तपासावे.

पहिली तपासणी व्हिसाची. ब्रिटनमध्ये परदेशी कर्मचारी आणण्यासाठी कंपनीला सरकारी परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. जर्मनीत अशी यादी नाही, कारण तिथे असा परवानाच लागत नाही. त्यामुळे जाहिरातीत ‘व्हिसा स्पॉन्सरशिप उपलब्ध’ असे लिहिलेले असले, तरी कंपनी प्रत्यक्षात काय देणार हे वेगळे विचारावे. तिने सही केलेला करार आणि नोकरीचे तपशील भरलेला विहित सरकारी फॉर्म द्यायचा असतो. शिवाय तिची तयारी असेल, तर ती जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयामार्फत जलद प्रक्रिया सुरू करू शकते. त्या प्रक्रियेचे शुल्क ४११ युरो असून ते कोण भरणार हे आधीच ठरवावे. ‘स्पॉन्सरशिपसाठी’ उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाशी बोलणे तिथेच थांबवावे, कारण विकण्याजोगी अशी कोणतीही वस्तू त्याच्याकडे नसते.

त्यानंतर पगार ब्लू कार्डाच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवास परवान्याच्या, किमान पगारमर्यादेत बसतो का, हे पाहावे. ही मर्यादा दर जानेवारीत बदलते आणि इथेच अनेकांची गफलत होते. आयटीसारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ती २०२५ मध्ये ४३,७५९.८० युरो होती आणि २०२६ मध्ये ४५,९३४.२० युरो झाली. म्हणजे नोव्हेंबरात हाती आलेले ४४,५०० युरोंचे पत्र त्या वेळी पुरेसे असले, तरी कार्ड मिळण्यास जानेवारी उजाडल्यास ते अपुरे पडते. मर्यादेच्या जेमतेम वर असलेला पगार म्हणूनच धोक्याचा असतो. तो वाढवून मागताना हे कारण स्पष्ट सांगितले, तर मनुष्यबळ विभागालाही ते पटते. कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस या हिशेबात धरू नये, फक्त निश्चित पगार धरावा.

पदवीची तपासणी मुलाखतीच्या आधीच करता येते. ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसंचात महाविद्यालयाचे नाव शोधून ‘सापडत नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथे पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याचे नाव शोधायचे असते. संस्थेपुढे H+ ही मान्यतेची खूण असेल आणि आपल्या पदवीचा प्रकारही नोंदलेला असेल, तर दोन्ही पानांची प्रत काढून ठेवावी. पदवीची नोंद नसेल, तर पदवीच्या तुलनात्मकतेचे अधिकृत पत्र मागवावे लागते. त्याला २०८ युरो आणि काही आठवड्यांचा वेळ लागतो, म्हणून रुजू होण्याची तारीख त्यानुसारच द्यावी.

स्थलांतराच्या मदतीत रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या स्वरूपात मिळणार याला जास्त महत्त्व आहे. ‘५,००० युरो रीलोकेशन बोनस’ पगाराबरोबर रोख मिळाला, तर त्यावर कर आणि सामाजिक विमा दोन्ही कापले जातात, आणि ५८,००० पगाराच्या एकट्या माणसाच्या हाती त्यातले जेमतेम निम्मे पडतात. याउलट विमानतिकीट, सामानवाहतूक यांसारखा खर्च बिले दाखवून परत मिळत असेल, तर ठरावीक मर्यादेत तो करमुक्त राहतो. म्हणून बोनसऐवजी कंपनीने थेट तिकीट काढावे आणि पहिल्या दोन महिन्यांचे निवासस्थान द्यावे, अशी मागणी करावी. त्या निवासस्थानाच्या पत्त्यावर नगरपालिकेत रहिवासी नोंदणी करता येईल का, हेही लेखी विचारावे. घरमालकाच्या पत्राशिवाय ही नोंदणी होत नाही, आणि नोंदणी रखडली की कर क्रमांकापासून पुढची बरीच कागदपत्रे अडकून पडतात.

परतफेडीचे कलम शांतपणे वाचावे. जर्मनीत परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेने कोणताही पक्ष करार संपवू शकतो. दोन वर्षांत नोकरी सुटल्यास स्थलांतराचा सगळा खर्च परत करावा, एवढेच कलमात लिहिलेले असेल, तर स्वतः राजीनामा दिला तरच ते लागू होईल आणि रक्कम दरमहा घटत जाईल, अशी दुरुस्ती मागावी.

आता हातात येणारा पगार. २०२५ च्या दरांनी ५८,००० युरोंतून एकट्या, अपत्य नसलेल्या कर्मचाऱ्याला महिन्याला सुमारे ३,०४० युरो मिळतात. विवाहितांना अनुकूल असा तिसरा करवर्ग मिळाला, तर हीच रक्कम ३,४०० च्या आसपास जाते, पण त्यासाठी जोडीदाराचे वास्तव्य जर्मनीत असावे लागते. पत्नी वा पती सहा महिन्यांनी येणार असेल, तर पहिले सहा महिने पहिल्या, म्हणजे एकट्या माणसाच्या, वर्गाचाच हिशेब धरावा. हा मुद्दा मला कोणीही आधी सांगितला नव्हता, आणि पहिली पगारपत्रिका पाहून मी हिशेब खात्याला चुकीचा आरोप करणारे पत्र लिहिले होते.

म्युनिचमध्ये दोन खोल्यांचे घर हीटिंगसह १,६०० युरोंना मिळाले असे धरू. वीज आणि इंटरनेटला १००, सार्वजनिक प्रसारणाची प्रत्येक घराला सक्तीची वर्गणी १८.३६, देशव्यापी प्रवासपासाला २०२६ च्या दराने ६३ आणि किराण्याला ४०० युरो वजा केले, की साधारण ८६० युरो उरतात. जाहिरातीतले भाडे बहुधा हीटिंगविना असते, त्यामुळे दोन घरांची तुलना करताना आकडा कोणता आहे हे पाहावे. लाइपझिगमधून ५२,००० युरोंचे पत्र आले असेल, तर हातात सुमारे २,७६० युरो पडतील. तिथे तेवढेच घर ९०० युरोंत मिळाले आणि इतर खर्च तेवढेच राहिले, तर महिन्याला जवळपास १,२८० उरतात. पगार वर्षाला ६,००० युरोंनी कमी असूनही शिल्लक चारशेहून अधिक वाढते.

सुरुवातीच्या रोख रकमेचा हिशेब वेगळा मांडावा. अनामत रक्कम कायद्याने हीटिंगविना भाड्याच्या तीनपटीपर्यंतच असू शकते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, परंतु घर मिळवण्याच्या चुरशीत तो हक्क बजावणे अवघड जाते. हीटिंगविना भाडे १,३०० धरले, तर अनामतीचे ३,९००, पहिल्या महिन्याचे १,६०० आणि स्वयंपाकघराचे २,००० असे ७,५०० युरो होतात. स्वयंपाकघराचा आकडा पाहून घरच्यांना आश्चर्य वाटते, पण तिकडे पुष्कळ घरे शेगडी, ओटा आणि कपाटांशिवायच भाड्याने दिली जातात, आणि आधीचा भाडेकरू ती जुळणी नव्याला विकून जातो. शंभर रुपयांना एक युरो धरला, तर हे साडेसात लाख रुपये होतात. पगार महिनाअखेरीस मिळतो, त्यामुळे कंपनीचे निवासस्थान नसेल तर त्यातला बहुतेक भाग पहिला पगार मिळण्यापूर्वीच लागतो. भविष्य निर्वाह निधी वेळेवर हाती येईल असे गृहीत न धरता ही रक्कम निघण्यापूर्वी बचत खात्यात जमलेली असावी, आणि ती जमलेली नसेल तर रुजू होण्याची तारीख एक-दोन महिने पुढे मागून घ्यावी.