ऑडिटचा शेरा मराठीत उतरवताना: माझा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनिंग युनिटला ऑडिटरने इंग्रजीत नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमाप्रमाणे नसल्याचा शेरा, दिली: लाइनवरच्या मायक्रोमीटरची कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासून घेण्याची, मुदत संपलेली. ऑपरेटरसाठी ती मराठीत लिहायची होती. मी तिचे तीन तुकडे केले: आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या ७.१.५.२ कलमानुसार काय हवं, प्रत्यक्ष काय दिसलं, आणि फरक कुठे पडला. ‘दिसलं’मध्ये मायक्रोमीटरचा नंबर आणि स्टिकरवरची तारीख जशीच्या तशी ठेवली, पुराव्यात एक शब्दही इकडचा तिकडे नको.

खरी अडचण पुढे होती. सुपरवायझर म्हणाले, “मायक्रोमीटर कॅलिब्रेट करून आणला की झालं ना?” ती फक्त तात्पुरती दुरुस्ती. त्या मायक्रोमीटरने आधी मोजलेले जॉब बरोबर होते का, तेही तपासावं लागतं, आणि चूक मुळात का झाली, तेही शोधावं लागतं. म्हणून फॉर्मवर दोन वेगळे रकाने केले: ‘आत्ता काय केलं’ आणि ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं’.

दुसरा रकाना भरताना कारण सापडलं. घाईत घेतलेला मायक्रोमीटर थेट लाइनवर गेला होता, कॅलिब्रेशनच्या यादीत त्याची नोंदच नव्हती. आता यादीत नंबर पडल्याशिवाय स्टोअरमधून कोणतंही मोजमापाचं साधन बाहेर जात नाही. “ऑपरेटरला समज दिली” एवढंच लिहिलेला फॉर्म मी परत पाठवते.