चेंडू लागायच्या आधीची मान

मी पंधरा वर्षांचा असताना जुलैतल्या एका फुटबॉल मॅचमध्ये समोरच्या गोलकीपरने लांब किक मारली. मी सेंटर बॅक. चेंडू उंच गेला, मी वर बघत मागे मागे सरकत गेलो आणि नेमका त्याच्या खाली जाऊन उभा राहिलो. चेंडू थेट टाळूवर आदळला. मान आखडली, पुढचे चार दिवस वळत नव्हती. बाहेरून आमचे तेव्हाचे कोच ओरडत होते, "घाबरू नको, डोकं घाल!" डोकं मी घातलंच होतं. ते कसं घालायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आज मी खडकीत मुलांना शिकवतो. नव्याने सेंटर बॅक किंवा स्ट्रायकर खेळायला लागलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी हेडरबद्दल, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याबद्दल, हे लिहितोय. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं.

चेंडू कपाळाला लागून सुटायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. अचानक धक्का बसल्यावर मानेचे स्नायू आवळले जायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे चेंडू लागल्यावर मान कडक करू म्हटलं, तर तोवर चेंडू निघूनही गेलेला असतो. मान आधीच आवळलेली हवी. ती आधी आवळायची तर चेंडू कधी येणार हे कळायला हवं, आणि ते कळायचं तर नजर चेंडूवर हवी. कपाळ, मान आणि टायमिंग या तीन गोष्टी मी कधीच वेगवेगळ्या शिकवत नाही, कारण त्या वेगळ्या नाहीतच.

पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. डोकं त्याच्या दहापट जड, पण सैल मानेवर ते एकटं पडतं आणि चेंडू त्याला मागे झटकतो. मान आवळली आणि हनुवटी किंचित आत घेतली की डोकं आणि छाती मिळून एकच वस्तू होते, मग तोच चेंडू सबंध धडावर आदळतो आणि झटका कमी बसतो. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि मान बारीक, म्हणून वयाचा प्रश्न येतो. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला बंदी आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये ठरवलं की प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडर शिकवायचाच नाही आणि चौदा ते सोळा वयाला आठवड्यात एकच सत्र, त्यात जास्तीत जास्त १० हेडर. मीही हाच आकडा पाळतो. बारा वर्षांखालच्या मुलांना मी फुग्यावर खेळवतो, त्यांना चेंडूला डोकं लावू देत नाही.

दहाच हेडर मिळणार म्हटल्यावर बाकीचा सराव हेडर न मारता करावा लागतो. तो कसा, हे एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा आला. उंच, पळायला चपळ, पण हेडर मारला की चेंडू कुठेही जायचा आणि नंतर तो डोकं चोळत राहायचा. मैदान ओलं होतं, चेंडू चिखलाने भरलेला. तीन हेडर झाल्यावर मी त्याला थांबवलं आणि फोनवर फोटो काढून दाखवला. चिखलाचे दोन ठसे केसात होते, एक कानाच्या वर. कपाळ कोरडं.

"सर, मी तर कपाळच पुढे करतो," तो म्हणाला.

"करतोस, पण शेवटच्या क्षणी मान खाली घालतोस. डोळे कधी मिटतोस?"

"आपोआप मिटतात."

डोळे मिटण्यावरून मी मुलांना कधी रागावत नाही. चेंडू लागताना पापणी लवणारच, मोठमोठ्या खेळाडूंचीही लवते. चूक होते ती चेंडू हातभर लांब असतानाच डोळे मिटले की. मग चेहरा खाली जातो, टाळू पुढे येते आणि मान सैल सुटते, कारण चेंडू नक्की कधी लागणार हे शरीराला कळतच नाही.

कुठे लागायला हवा? भुवयांच्या वर आणि केसांच्या रेषेच्या खाली, जिथे कपाळ सर्वांत सपाट आहे. गंध लावतो त्याच्या बोटभर वर, असं मी सांगतो, मुलांना ते लगेच कळतं. तिथलं हाड जाड आहे. शिवाय तिथे चेंडू घ्यायचा तर डोळे चेंडूसमोरच राहतात. टाळूवर किंवा कानाच्या वर लागला की डोकं फिरतं, आणि ही फिरकी सरळ धक्क्यापेक्षा वाईट.

पहिला आठवडा त्या मुलाने चेंडू दोन्ही हातांत धरून स्वतःच्या कपाळाला हलकेच टेकवला, डोळे उघडे ठेवून, दात मिटून, जीभ आत. वेळ लागतो, कंटाळा येतो, पण जागा अंगात बसते. त्याबरोबर मानेचा व्यायाम. तळहात कपाळावर ठेवायचा, हाताने मागे आणि कपाळाने पुढे ढकलायचं, डोकं जागचं हलू द्यायचं नाही. पाच-सहा सेकंद, मग सोडायचं. तसंच डोक्याच्या मागून आणि दोन्ही बाजूंनी. प्रत्येक दिशेला पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला अर्ध्या ताकदीनेच. श्वास कोंडायचा नाही. दुखलं तर तिथेच थांबायचं.

तालमीतल्या पैलवानांची मान बघून काही मुलं डोक्यावर भार टाकून ब्रिज करायला जातात. वाढत्या वयात आणि कुणी समोर नसताना ते करू नये. फुटबॉलला तेवढी मान लागतही नाही. आपल्याला हवं आहे ते योग्य क्षणी आवळता येणं. मान तयार झाली म्हणून धोका संपला, असं मात्र कुणी समजू नये. झटका कमी होतो, नाहीसा होत नाही. आकडा दहाचा तो दहाचाच.

दुसऱ्या आठवड्यात तो गुडघ्यांवर बसला आणि मी दोन मीटरवरून खालच्या हाताने चार नंबरचा, जरा मऊ चेंडू टाकला. गुडघ्यांवर बसलं की पायांची मदत नाही, त्यामुळे ताकद कमरेतून आणावी लागते. चेंडू येताना छाती थोडी मागे, दोन्ही हात पुढे, आणि मग हात मागे ओढत धड पुढे. मान वेगळी मारायची नाही, ती धडाबरोबर जाते. सहा चेंडू झाले. चौथ्याला आवाज बदलला. टाळूवर लागलेल्या चेंडूचा आवाज बोदा येतो, कपाळावरचा स्वच्छ, टाळी वाजल्यासारखा. त्यानेच माझ्याकडे बघून विचारलं, "हा बरोबर ना सर?" डोकं चोळणं त्या दिवसापासून बंद झालं.

हवेबद्दल इथेच सांगतो. आमच्याकडे चेंडूत हवा पंक्चरवाल्याकडून भरून घ्यायची पद्धत आहे. त्याचा कॉम्प्रेसर गाडीच्या टायरसाठी असतो, चेंडू दगडासारखा होऊन येतो. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय बसतं. मुलांसाठी मी हातपंपाने नऊच्या आसपास भरतो आणि साधं गेज लावून बघतो. शिवण उसवलेला, पाणी प्यायलेला चेंडू हेडरच्या सरावाला घेत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आली उडी, आणि इथे तो सर्वांत जास्त अडला. चौदा वर्षांच्या मुलाची उडी चाळीस सेंटीमीटरची धरली, तर जमीन सोडल्यापासून वर पोचायला सेकंदाच्या तीन दशांशांच्या जरा आत वेळ लागतो. गोलकिकचा चेंडू खाली येताना तेवढ्या वेळात चार मीटरच्या आसपास अंतर कापतो. म्हणजे पाय जमीन सोडतो तेव्हा चेंडू अजून गोलपोस्टच्या उंचीच्या दीडपट लांब असायला हवा. नवखी मुलं चेंडू अगदी जवळ आल्यावर उडतात. मग तो ती वर जात असतानाच येतो आणि टाळूला लागतो किंवा वरून जातो.

उडीच्या माथ्यावर शरीर थोडं रेंगाळतं. हवेतल्या एकूण वेळातला निम्मा वेळ आपण सर्वांत वरच्या चौथ्या हिश्शात असतो. म्हणून किंचित लवकर उडणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो, उशिरा उडणाऱ्याला मिळत नाही.

हे शिकवताना चेंडूला डोकं लावूच दिलं नाही. मी उंच चेंडू टाकायचो आणि त्याने उडी मारून तो कपाळासमोर दोन्ही हातांनी झेलायचा, कोपरं वाकवून. झेल डोक्याच्या वर गेला तर उडी उशिरा, छातीपाशी आला तर लवकर. असे तीस-चाळीस झेल घेतले तरी डोक्याला काही नाही. त्यातच त्याची जुनी खोड सापडली. तोही माझ्यासारखाच चेंडूखाली जाऊन उभा राहायचा. खाली उभं राहिलं की पुढे जाता येत नाही, फक्त मान वर करता येते, आणि वर केलेली मान आवळता येत नाही. म्हणून चेंडू जिथे पडेल असं वाटतं तिथून दोन पावलं मागे थांबायचं. नजर चेंडूवर ठेवूनच पुढे यायचं, शेवटचं पाऊल लांब टाकायचं आणि एका पायावर उडायचं. मैदानावर एक फक्कीची रेघ मारली आणि मी म्हणेपर्यंत ती ओलांडायची नाही असं ठरवलं. तीन दिवसांत पावलं जमली.

चौथ्या आठवड्यात दहा खरे हेडर. सात कपाळावर बसले, दोन वरून गेले, एक केसात लागला. बचावात चेंडू लांब घालवायचा तर त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर कपाळ लावायचं, गोल मारताना वरच्या अर्ध्यावर. एवढं त्याला सांगितलं, बाकी त्याचं त्याला कळलं.

हेडरमधल्या बहुतेक मोठ्या दुखापती चेंडूने होत नाहीत, समोरच्याच्या डोक्याने किंवा कोपराने होतात. हात समतोलासाठी बाजूला असावेत, कोपर समोरच्याच्या चेहऱ्याच्या उंचीला नको. आणि "माझा!" असं मोठ्याने ओरडायचं, म्हणजे आपलाच माणूस येऊन धडकत नाही.

टक्कर झाल्यावर डोकं दुखत असेल, गरगरत असेल, मळमळत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा स्कोअर आठवत नसेल, तर मुलगा त्याच क्षणी बाहेर येतो. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा आत जात नाही आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय सरावालाही येत नाही. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर सरळ हॉस्पिटल. ऑगस्टमध्ये या मुलाला एकदा मी असंच बाहेर काढलं. मॅच एक-एक होती, तो रडला, त्याचे वडीलही नाराज झाले. नऊ दिवस तो रोज रेघेबाहेर उभा राहून बाकीच्यांचे झेल मोजत होता. दहाव्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला, आणि मी त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली, चेंडू हातात धरून कपाळाला टेकवण्यापासून.