पाचशेपैकी दोनशे गेले, तरी बाकी पाचशेच

आमच्या वर्कशॉपला ५०० ब्रॅकेटची ऑर्डर होती, नग १४० रुपये. माल टप्प्याटप्प्याने जाणार, म्हणून टॅलीत सेल्स ऑर्डर टाकली. पहिले २०० नग गेले, त्यांचं बिल केलं: २८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ३३,०४०. नंतर १८० नगांचं दुसरं. तरीही बाकी ऑर्डरच्या रिपोर्टमध्ये ५०० तसेच! गोदामातला पोरगा तो आकडा पाहून आणखी माल बांधायला निघाला, तेव्हा लक्षात आलं.

चूक माझीच. बिलात वस्तू निवडल्यावर येणाऱ्या Item Allocations या खिडकीत Order No. विचारतात, मी घाईत Not Applicable ठेवून एंटर मारत होतो. त्यामुळे स्टॉक बरोबर कमी झाला, पण ऑर्डरशी बिलाचा संबंधच जुळला नाही. दोन्ही बिलं उघडून तिथे मूळ ऑर्डर क्रमांक निवडला. रक्कम, तारीख, बिल क्रमांक यांना हात लावला नाही. रिपोर्ट लगेच १२० वर आला.

आता प्रत्येक बिलावर ग्राहकाचा पीओ क्रमांक आणि ‘आजवर ३८०, बाकी १२०’ अशी ओळही छापतो. त्यांच्या स्टोअरवाल्यांचे फोन त्यानंतर बरेच कमी झाले.