मातीत पुरलेलं कुजलं, की नुसतं वाळलं? कुजण्याच्या प्रयोगातल्या चुका

केळीची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि कॅरीबॅगचा तुकडा मातीत पुरायचा, दर आठवड्याला उकरून बघायचं. सहावी-सातवीचा हा प्रयोग सोपा वाटतो, पण पहिल्या वर्षी माझी तारांबळ उडाली ती एका चिंधीपायी. पुरताना ८ ग्रॅमची, तीन आठवड्यांनी ११ ग्रॅमची. एका मुलीने विचारलं, "सर, कापड वाढलं का?"

कापड वाढलं नव्हतं. त्याने पाणी शोषलं होतं आणि धाग्यांत माती घुसली होती. ओलं वजन मोजणं ही या प्रयोगातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती दोन्ही बाजूंनी फसवते. चिंधी जड होते, तर सालीत मुळातच बहुतेक पाणी असल्यामुळे ती न कुजताही हलकी होते. १०० ग्रॅम साल उकरल्यावर ३० ग्रॅम भरली, की मुलं वहीत '७० टक्के कुजली' लिहून मोकळी होतात.

यावर उपाय म्हणजे सालीचं जुळं भावंड ठेवणं. त्याच केळ्यांच्या सालीचे १०० ग्रॅमचे दोन वाटे करा. एक पुरा, दुसरा कडक उन्हात वाळवा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं, की तो पुरता वाळला. समजा तो १२ ग्रॅम भरला. म्हणजे पुरलेल्या वाट्यातही कुजण्याजोगं सुकं द्रव्य १२ ग्रॅमच्या आसपास होतं. तीन आठवड्यांनी पुरलेला वाटा काढा, हलक्या हाताने धुवा, तसाच वाळवा. तो ५ ग्रॅम निघाला, तर १२ पैकी ७ ग्रॅम गेले, म्हणजे सुमारे ५८ टक्के. ७० नव्हे. किराणा दुकानातला काटा इथे चालत नाही; ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळवा.

साल मातीत मिसळून सापडेनाशी होते, म्हणून ती कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून पुरतात. चांगली युक्ती आहे, पण जाळीतून बारीक तुकडे निसटतात आणि तेही 'कुजले' म्हणून धरले जातात. मच्छरदाणीचं कापड घेतलं तर तुकडे बऱ्यापैकी आत राहतात, मात्र मोठी गांडुळं बाहेर राहतात. कोणतीही जाळी वापरा, फक्त सगळ्या वस्तूंना एकच वापरा आणि कोणती ते वहीत लिहा.

दुसरी चूक पाण्याची. फेब्रुवारीत केलेल्या प्रयोगात आमचा कागद सहा आठवड्यांनी जवळजवळ वाचता येईल असा निघाला. कुंडी वर्गात होती, शनिवार-रविवारी पाणी घालायला कुणी नव्हतं, माती ठणठणीत कोरडी. उलट, भोक नसलेल्या बाटलीत रोज पाणी ओतलं की चिखल होतो, हवा संपते, कुजणं मंदावतं आणि झाकण काढताच घाण वास येतो. माती वाफशावर हवी: मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा. शेतकऱ्यांच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. नर्सरीतल्या नुसत्या कोकोपीटपेक्षा झाडाखालची, पालापाचोळ्याची माती घ्या. एक कुंडी मुद्दाम कोरडी ठेवलीत, तर ओलाव्याचा फरक मुलांना समोर दिसतो.

एकच तुकडा दर आठवड्याला उकरून परत पुरू नका. उकरताना तो फाटतो, हवा लागते, बुरशीचे धागे तुटतात. चार वेळा बघायचं असेल तर प्रत्येक वस्तूचे किमान बारा तुकडे पुरा आणि दर खेपेला तीन कायमचे काढा. तिन्हींची वजनं एकमेकांपासून लांब आली तर तेही लिहायचं. सरासरीत लपवायचं नाही.

आता निष्कर्ष. कॅरीबॅग सहा आठवड्यांत बदलली नाही, एवढंच आपण पाहिलं. तरी तक्त्यावर 'प्लास्टिक कुजायला ५०० वर्षं लागतात' असं लिहिलं जातं. पॉलिथिनचा शोधच मुळी १९३३ चा. ५०० वर्षं कुणी पाहणार कशी? तो आकडा अंदाजाचा आहे, आपल्या कुंडीतून आलेला नाही. पिशवीचा भुगा झाला तरी ती कुजली असं होत नाही. तुकडे लहान झाले, प्लास्टिक तेवढंच राहिलं.

'कंपोस्टेबल' छापलेली पिशवी पुरलीत आणि ती तशीच निघाली, तर कंपनी खोटारडी ठरवायची घाई नको. अशा पिशव्यांची चाचणी बहुधा औद्योगिक कंपोस्टच्या स्थितीत, साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. वर्गातली कुंडी ३० च्या आसपास असते. आमच्या मुलांनी शेवटी लिहिलं: "आमच्या कुंडीत, या ओलाव्यात, सहा आठवड्यांत पिशवीचं वजन काट्याला कळेल एवढं घटलं नाही." एकाने खाली पेन्सिलीने जोडलं, "काटा ०.१ चा आहे."