नेलआर्टचा एकच रंग प्रत्येक फोटोत वेगळा दिसत होता, हा गुंता असा सुटला

सोलापुरात माझं छोटं सलून आहे. पोर्टफोलिओसाठी फोटो निवडताना एकच मरून जेलपॉलिश बल्बखाली विटकरी, तर खिडकीपाशी जांभळट दिसायचं. फिल्टर लावले, रिंगलाइट आणला. त्याचं पांढरं कडं नखावर उमटून चमक कळेचना. डोक्याला नुसता ताप!

शेवटी आतले सगळे दिवे बंद केले. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावून हात पांढऱ्या कागदावर ठेवला. मोबाइलवर नखाच्या जागी बोट दाबून धरलं, फोकस आणि उजेड पक्का झाल्याची AE/AF LOCK ही खूण आल्यावर फोटोतला उजेड कागदाचा पोत दिसेपर्यंत कमी केला. रंग आणि क्युटिकलकडची कड आता याच फोटोत बघते.

चमकेसाठी वेगळा फोटो. बोट ट्यूबलाइटच्या रेषेत धरायचं. नखावरची उजेडाची रेघ अखंड असेल तर टॉपकोट सपाट, मध्येच वाकली तर तिथे उंचवटा किंवा खड्डा.

कॉन्ट्रास्टसाठी पहिलाच फोटो कृष्णधवल केला, आणि मरूनवरची गडद हिरवी नक्षी चक्क गायब! रंग वेगळे, पण गडदपणा सारखाच. लहान फोटोत ती दिसलीच नसती. तिच्याऐवजी सोनेरी रेघांची जोडी ठेवली.