अडकित्ता आणि पानाचा डबा पारखताना या चुका टाळा

माळ्यावरून जुना अडकित्ता किंवा पानाचा डबा खाली आला की आधी चिंच-मीठ लावून तो लख्ख घासला जातो. इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. बिजागरीत अडकलेला पांढरा चुना, कप्प्यांच्या सांध्यातले काताचे तांबूस डाग आणि नक्षीच्या खोबणीतला काळपटपणा पाहूनच वस्तू खरोखर वापरातली होती का ते कळतं. बिदरी डबा तर मुळीच घासू नका. तो जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात आणि बिदर किल्ल्यातल्या मातीच्या लेपाने काळा करतात. आंबट लावलंत तर तो काळा रंगच जातो.

मध्यंतरी ओळखीच्या काकांनी घोड्याच्या आकाराचा पितळी अडकित्ता आणला. विकणाऱ्याने तो ‘पेशवेकालीन’ म्हणून दिला होता. पात्याला चुंबक लावलं, चिकटलं नाही. म्हणजे पातंही पितळेचंच. कडक सुपारी कातरायला पोलादी धार लागते, म्हणून वापरातल्या पितळी अडकित्त्याला पातं बहुधा लोखंडी किंवा पोलादी बसवलेलं असतं. अख्खा पितळी अडकित्ता बहुतेक वेळा शोभेचा किंवा रुखवतातला. उलट, पिवळ्या मुठीलाच चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आणि वर मुलामा आहे असं समजा.

मग झीज पाहिली. रोजच्या वापरात मुठी बोटांखाली गुळगुळीत होतात, पण घोड्याच्या आयाळीतल्या रेषा खोलात शाबूत राहतात. धार लावून लावून पातं अरुंद होतं, सुपारी टेकते तिथे जास्त. काकांच्या अडकित्त्यावर मूठ आणि आयाळ सारखीच बोथट होती आणि खोबणीतला काळेपणा थिनरच्या बोळ्याने निघून आला. सांध्याला रिव्हेटऐवजी स्क्रूही होता, पण त्यावरून मी काही ठरवलं नाही. अस्सल अडकित्त्यालाही दुरुस्तीत स्क्रू लावतात.

चांदीच्या बाबतीत फसवतं ते जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाचा इथे उपयोग नाही. झिजलेल्या कडेला पिवळसर झाक दिसली तर शंका घ्या, आणि पैसे देण्याआधी सराफाकडून कस लावून घ्या.

प्रदेश मात्र नुसत्या आकारावरून सांगू नका. घोडा, मोर, पोपट हे आकार गुजरातेपासून कर्नाटकापर्यंत सगळीकडे भेटतात, आणि वस्तू लग्नात, बदलीत, बाजारात फिरत राहते. धातू, पातं बसवायची पद्धत आणि नक्षी या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नाव घ्यावं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले की हा फरक डोळ्यांत बसतो. काकांच्या चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलं: पितळ, ओतीव, शोभेचा, प्रदेश अनिश्चित.